नवीन प्रॉडक्ट, हातात फक्त ८ आठवड्यांची विक्री: साधं स्मूदिंग, होल्ट की डॅम्प्ड ट्रेंड?

नवीन प्रॉडक्ट बाजारात आलंय, विक्री दर आठवड्याला वाढतेय, सप्लायरला ऑर्डर दिली की माल यायला ६ आठवडे लागतात आणि आज ऑर्डरचा आकडा टाकायचाय. जुना डेटा नाही, सीझन कळायला वर्ष जावं लागेल, आणि मोठी मॉडेल्स इतक्या कमी आकड्यांवर चालत नाहीत. मग एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग वापरायचं हे बहुतेक जण ठरवतात, पण त्यातलं कुठलं वापरायचं तिथे गाडी अडते. पर्याय खरं तर तीनच आहेत, साधं एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग, होल्टची सरळ ट्रेंडवाली पद्धत आणि तिचंच ट्रेंड हळूहळू मंद करत नेणारं रूप म्हणजे डॅम्प्ड ट्रेंड. मी तिन्ही एकाच डेटावर शेजारी शेजारी चालवून दाखवतो, कारण नुसतं वाचून यांच्यातला फरक लक्षात येत नाही, ऑर्डरच्या आकड्यात तो दिसला की मगच कळतो.

उदाहरणासाठी मी बनवलेला डेटा असा, आठवडा १ ते ८ ची विक्री नगांमध्ये: ४०, ५२, ६१, ७३, ८२, ८८, ९७, ९९. नवीन प्रॉडक्टचा हा अगदी ओळखीचा आकार आहे, सुरुवातीला दर आठवड्याला ९ ते १२ नगांची भर, मग ६, मग परत ९, आणि शेवटी फक्त २. आता खरा प्रश्न असा की ही वाढ थांबत चाललीय, की शेवटचा आठवडा नुसताच जरा मंद गेला? आठ आकड्यांवरून याचं पक्कं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, आणि तिन्ही पद्धतींमधला फरक नेमका इथेच आहे, प्रत्येक पद्धत या प्रश्नाचं एक उत्तर आधीच गृहीत धरून बसलेली असते.

आधी हिशोब कसा चालतो ते बघू, फार अवघड नाहीये. पद्धत दोन गोष्टी लक्षात ठेवते, लेव्हल म्हणजे सध्या विक्री साधारण किती आहे, आणि ट्रेंड म्हणजे दर आठवड्याला किती वाढतेय. लेव्हलमध्ये ट्रेंड मिळवला की पुढच्या आठवड्याचा फोरकास्ट. खरी विक्री कळली की एरर काढायची, एररचा एक हिस्सा लेव्हलमध्ये घालायचा (हिस्सा किती ते अल्फा ठरवतो) आणि त्याहून बराच लहान हिस्सा ट्रेंडमध्ये (तिथे अल्फा गुणिले बीटा). डॅम्प्डमध्ये एवढंच जास्तीचं की दर आठवड्याला ट्रेंडला फाय नावाच्या १ पेक्षा लहान आकड्याने गुणायचं. तिन्ही पद्धती या एवढ्याशा कोडमध्ये बसतात:

```python
y = [40, 52, 61, 73, 82, 88, 97, 99]
a, b, phi = 0.4, 0.2, 0.9
L, T = 40.0, 11.0
for v in y[1:]:
    f = L + phi*T
    e = v - f
    L = f + a*e
    T = phi*T + a*b*e
    print(round(f, 1), round(e, 1))
total, cur, step = 0, L, T
for h in range(6):
    step *= phi
    cur += step
    total += cur
print(round(total))
```

यात `phi` ला 1 केलं की झाला सरळ होल्ट, आणि `T` व `b` दोन्ही शून्य केले की साधं स्मूदिंग. म्हणजे या काही तीन वेगवेगळ्या दुनिया नाहीत, एकाच यंत्राची तीन सेटिंग्ज आहेत, आणि म्हणूनच तुलना स्वच्छ होते, फरक पडला तर तो फक्त ट्रेंडबद्दलच्या समजुतीमुळे पडतो.

सुरुवातीचा ट्रेंड ११ कुठून आला? पहिल्या चार आठवड्यांत विक्री ४० वरून ७३ वर गेली, म्हणजे तीन पावलांत ३३, एका पावलाला ११. अल्फा ०.४ आणि बीटा ०.२ मी हाताने ठरवलेत, कॉम्प्युटरला शोधायला लावलेले नाहीत, याचं कारण पुढे सांगतो. प्रत्येक पद्धतीने एक आठवडा आधी काय सांगितलं असतं ते असं:

| आठवडा | विक्री | साधं | होल्ट | डॅम्प्ड |
|---|---|---|---|---|
| २ | ५२ | ४०.० | ५१.० | ४९.९ |
| ३ | ६१ | ४४.८ | ६२.५ | ५९.८ |
| ४ | ७३ | ५१.३ | ७२.८ | ६८.५ |
| ५ | ८२ | ६०.० | ८३.९ | ७८.१ |
| ६ | ८८ | ६८.८ | ९४.० | ८६.९ |
| ७ | ९७ | ७६.५ | १०१.९ | ९३.९ |
| ८ | ९९ | ८४.७ | १०९.९ | १०१.३ |

हा टेबल वाचताना एक काळजी घ्या. आठवडा २ ते ४ मध्ये होल्ट फारच हुशार दिसतोय, पण त्याला सुरुवातीचा ट्रेंड आपण त्याच चार आठवड्यांतून काढून दिलाय, म्हणजे पेपर आधीच दाखवून परीक्षा घेतल्यासारखं झालं. खरी परीक्षा आठवडा ५ पासून पुढे. तिथे सरासरी चूक बघा, साध्याची १९ नग, होल्टची जवळपास ६, डॅम्प्डची २.६. चारच आठवडे आहेत, त्यामुळे यावरून कोण जिंकलं हे जाहीर करायची घाई मी करणार नाही, पण चुकांची दिशा मात्र बरंच काही सांगते, तिच्याकडे येतोच.

आता साध्या स्मूदिंगचं लवकर आवरतो. वाढत्या विक्रीवर ते कायम मागे राहतं आणि किती मागे राहील याचाही हिशोब आहे, ट्रेंड भागिले अल्फा. दर आठवड्याला ११ ची वाढ आणि अल्फा ०.४ असेल तर ते शेवटी २७.५ नगांनी मागे राहून तिथेच स्थिरावतं, कितीही आठवडे चालवलं तरी ते अंतर भरून निघत नाही. अल्फा वाढवून ०.८ केला तर अंतर निम्मं होतं पण मग प्रत्येक आठवड्याच्या चढउतारामागे ते धावायला लागतं. आपल्या उदाहरणात शेवटची विक्री ९९ आणि ते पुढच्या सहाही आठवड्यांसाठी ९० सांगतंय, म्हणजे आत्ता आहे त्याहूनही कमी! नवीन प्रॉडक्ट चढणीवर असताना हा पर्याय माझ्या मते बादच. वाढ खरोखर थांबून विक्री एका पातळीवर खेळायला लागली की मग ते चांगलं काम करतं, पण आज आपण तिथे नाही.

खरी निवड होल्ट आणि डॅम्प्डमध्येच आहे. आठवडा ८ संपला तेव्हा होल्टच्या हातात लेव्हल १०५.५ आणि ट्रेंड ९.१ होता, डॅम्प्डच्या हातात लेव्हल १००.४ आणि ट्रेंड ६.०. पुढच्या आठवड्याचा फोरकास्ट होल्टचा ११४.६, डॅम्प्डचा १०५.८, फरक ९ नगांचा, एवढ्यासाठी कोण डोकं खपवणार असं वाटेल. पण ऑर्डर एका आठवड्याची नाहीये ना, लीड टाइम ६ आठवड्यांचा आहे, त्यामुळे बघायचा तो सहा आठवड्यांच्या बेरजेचा आकडा. ती बेरीज साध्या स्मूदिंगने येते ५४२, डॅम्प्डने ६९८, होल्टने ८२४. होल्ट आणि डॅम्प्डमध्येच १२६ नगांचा फरक, म्हणजे सध्याच्या विक्रीने एका आठवड्याहून जास्त माल. चौदाव्या आठवड्यासाठी होल्ट १६० म्हणतो आणि डॅम्प्ड १२६.

यातून पहिला निकष निघतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच, लीड टाइम किती आहे ते आधी बघा. माल दोन आठवड्यांत येत असेल तर दोघांची बेरीज २३८ आणि २१६, हा फरक थोड्या सेफ्टी स्टॉकमध्ये जिरून जातो, कुठलीही पद्धत घ्या आणि पुढच्या कामाला लागा. लीड टाइम सहा, आठ, दहा आठवडे असेल तर मात्र ट्रेंडबद्दलची तुमची समजूतच ऑर्डर ठरवते, कारण ट्रेंडमधली छोटी चूक प्रत्येक पुढच्या आठवड्यात परत परत मोजली जाते. सहा आठवड्यांच्या बेरजेत होल्ट ट्रेंडला २१ ने गुणतो (१+२+३+४+५+६), त्यामुळे ट्रेंड एका नगाने जास्त धरला गेला तर ऑर्डर २१ ने फुगते. फाय ०.९ असताना हाच गुणक १६ वर येतो आणि ०.८ असताना १२ वर. डॅम्पिंग प्रत्यक्षात काय करतं तर हेच, लांबच्या आठवड्यांत ट्रेंडच्या चुकीचं वजन कमी करतं.

फाय म्हणजे काय हे लोकांना नीट उमगत नाही म्हणून ते कसंही निवडलं जातं, पण त्याला एक सरळ व्यावहारिक अर्थ आहे. डॅम्प्ड ट्रेंडचा फोरकास्ट अनंत काळ वाढत नाही, एका छतापाशी जाऊन थांबतो, आणि ते छत म्हणजे सध्याची लेव्हल अधिक ट्रेंड गुणिले फाय भागिले (१ वजा फाय). फाय ०.८ असेल तर तो गुणक ४, ०.९ ला ९, आणि ०.९८ ला थेट ४९. म्हणजे फाय ०.९ निवडताना तुम्ही असं म्हणताय की सध्याच्या वेगाची अजून ९ आठवड्यांएवढी वाढ शिल्लक आहे, ती हळूहळू पसरून येईल आणि मग संपेल. आपल्या उदाहरणात छत येतं साधारण १५४ वर. मग मार्केटिंगवाल्यांना, सेल्सवाल्यांना जाऊन विचारता येतं की बाबांनो हे प्रॉडक्ट आठवड्याला १५४ च्या आसपास स्थिरावेल हे पटतंय का? किती दुकानांत लागलंय, अजून किती दुकानं बाकी आहेत? फाय कितीचा ठेवू असं विचारलं तर कोणी उत्तर देणार नाही पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असतं, निदान अंदाज तरी असतो. आणि १५४ ऐकून ते म्हणाले की आम्ही आत्ताशी निम्म्या दुकानांतच पोचलोय तर फाय ०.९५ घ्या, गुणक १९ होतो. सगळीकडे माल लागून झालाय म्हणाले तर ०.८ कडे या. होल्टच्या बाबतीत असा प्रश्न विचारायची सोयच नाही कारण त्याला छतच नाही, तो दोन वर्षांनंतरही दर आठवड्याला ९ नगांची भर घालतच राहील.

आता चुकांच्या दिशेकडे. होल्टच्या शेवटच्या चार चुका (विक्री वजा फोरकास्ट) अशा, वजा १.९, वजा ६.०, वजा ४.९, वजा १०.९. चारही एकाच बाजूला आणि आकार वाढत चाललेला. हे निव्वळ नशिबाने होऊ शकतं, पण अशी ओळ दिसली की पहिला अर्थ हाच घ्यायचा की वाढ मंदावतेय आणि बीटा लहान असल्यामुळे होल्टचा ट्रेंड तेवढ्या वेगाने खाली येत नाहीये. बघा ना, विक्रीची भर २ वर आली तरी त्याचा ट्रेंड अजून ९.१ वरच आहे. डॅम्प्डच्या चुका बघितल्या तर त्याही पहिले सहा आठवडे एकाच बाजूला आहेत, पण उलट्या, म्हणजे तो सतत थोडं कमी सांगत होता, २.१, १.२, ४.५, ३.९, १.१, ३.१ आणि मग शेवटी वजा २.३. हे लपवण्यात अर्थ नाही, डॅम्प्ड ट्रेंड वाढीच्या जोमाच्या काळात थोडा कंजूष असतो आणि प्रॉडक्ट खरंच उसळी घेणार असेल तर तो तुम्हाला माल कमी पाडेल. पण त्याच्या चुका वाढत गेलेल्या नाहीत, दोन-चार नगांत राहिल्यात. मी या दोघांत निवड करताना नुसती सरासरी चूक बघत नाही, शेवटच्या चारपाच चुका एकाच चिन्हाच्या आहेत का आणि मोठ्या होत चालल्यात का हे बघतो, कमी डेटावर हीच खूण मला जास्त भरवशाची वाटते.

पण थांबा, इथेच एक मोठा सापळा आहे आणि नवीन प्रॉडक्टमध्ये तो हमखास भेटतो. आठवडा ८ ची विक्री ९९ ही खरी मागणी होती की माल संपला म्हणून ९९ वर अडकली? समजा सातपैकी शेवटच्या एका दिवशी स्टॉक शून्य होता. मग ९९ नग ६ दिवसांत विकले गेले आणि पूर्ण आठवडा धरला तर मागणी ११५ च्या घरात होती (९९ भागिले ६ गुणिले ७, ११५.५). तो आकडा घालून परत चालवलं तर होल्टची शेवटची चूक वजा १०.९ ची अधिक ५.६ होते, वाढ मंदावल्याचा निम्मा पुरावा गायब, आणि सहा आठवड्यांची बेरीज होल्टची ८९१ व डॅम्प्डची ७५९ वर जाते. फक्त एका आठवड्याच्या एका दिवसाने! त्यामुळे पद्धत निवडायच्या आधी, अगदी पहिलं काम म्हणून, विक्रीच्या आकड्यांच्या शेजारी रोजचा शिल्लक स्टॉक ठेवून बघा. स्टॉकआउटचे दिवस दुरुस्त न करता डॅम्प्ड ट्रेंड चालवला तर एक दुष्टचक्र सुरू होतं, माल कमी म्हणून विक्री कमी, विक्री कमी म्हणून ट्रेंड खाली, ट्रेंड खाली म्हणून ऑर्डर अजून कमी, आणि प्रॉडक्ट चालत नाहीये असा शिक्का मारून ते बंद होतं. दिवसांच्या प्रमाणात वाढवायची ही दुरुस्ती ढोबळ आहे, शनिवार-रविवारी विक्री जास्त होत असेल तर दिवसांचं वजन वेगळं धरावं लागेल, तरी काहीच न करण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

याची उलटी भानगड सुरुवातीला असते. तुमचा डेटा दुकानांना पाठवलेल्या मालाचा असेल, ग्राहकाने विकत घेतलेल्या मालाचा नसेल, तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रॅक भरण्यासाठी गेलेला माल त्यात मिसळलेला असतो. मग पहिला आठवडा ४० ऐवजी ९० दिसतो, दुसरा ५२, आणि सुरुवातीचा ट्रेंड पहिल्या दोन आकड्यांवरून काढला की तो वजा ३८ येतो. इतक्या कमी इतिहासात ही सुरुवात शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही. आपल्या सेटिंगवर मी मोजून बघितलं, होल्टमध्ये सुरुवातीचा ट्रेंड १ नगाने बदलला तर सात अपडेट होऊन गेल्यावरसुद्धा सहा आठवड्यांची बेरीज ८ नगांनी हलते. म्हणजे ११ ऐवजी १५ धरला असता तर ८२४ चे साधारण ८५७ झाले असते, डेटा तोच, पद्धत तीच. लांब इतिहास असला की सुरुवातीचं कोणी बघत नाही कारण ते धुऊन जातं, इथे मात्र ते धुऊन जायला आठवडेच नाहीत. म्हणून ट्रेंड पहिल्या दोन आकड्यांवरून कधीच काढू नका, निदान चार घ्या, लाँच ऑफरचा किंवा रॅक भरण्याचा आठवडा असेल तर तो सोडून पुढून सुरुवात करा, आणि सुरुवातीचा ट्रेंड थोडा वरखाली करून ऑर्डर किती हलते ते एकदा बघून घ्या.

आता अल्फा-बीटा हाताने का ठरवायचे ते. सॉफ्टवेअरला सोडलं तर ते मागच्या चुका कमीत कमी होतील असे आकडे शोधतं, पण त्याला शोधायचे असतात अल्फा, बीटा, सुरुवातीची लेव्हल, सुरुवातीचा ट्रेंड आणि डॅम्प्डमध्ये वर फाय, म्हणजे पाच गोष्टी आठ आकड्यांतून. मग उत्तर बहुतेक वेळा टोकाला जाऊन बसतं, अल्फा १ जवळ नाहीतर बीटा शून्यावर, आणि पुढच्या आठवड्याचा एक आकडा आला की सगळं उलटंपालटं. मागच्या डेटावर चूक जवळपास शून्य दिसली तर खूश होऊ नका, ते आकडे पाठ केल्याचं लक्षण आहे. त्यापेक्षा अल्फा ०.३ ते ०.५, बीटा ०.१ ते ०.२ अशा पट्ट्यात ठेवा, फाय वरच्या छताच्या प्रश्नावरून ठरवा, आणि हे सगळं निकाल बघायच्या आधी ठरवा. तुमच्याकडे आधी लाँच केलेल्या त्याच प्रकारच्या प्रॉडक्टचा पूर्ण इतिहास असेल तर त्याच्यावर हे आकडे शोधून नवीनसाठी तेच वापरणं सगळ्यात चांगलं, कारण तिथे शोधायला पुरेसे आठवडे असतात.

एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो नाहीतर आकडे जुळत नाहीत म्हणून लोक तास तास घालवतात. R मधलं `ets()` जो `beta` दाखवतं तो आपला अल्फा गुणिले बीटा असतो, म्हणजे आपला ०.२ तिथे ०.०८ होतो. `ets()` फायसुद्धा ठरावीक पट्ट्यातच, ०.८ ते ०.९८ मध्ये शोधतं, आणि वरचे गुणक बघितले की ही मर्यादा का घातलीय ते कळतं, ०.९८ च्या वर गेलं की सरळ होल्टमध्ये आणि त्यात ओळखू येण्यासारखा फरकच उरत नाही.

मग सरळ होल्ट कधी घ्यायचा? माझं मत असं की तीन गोष्टी एकत्र असतील तेव्हाच. लीड टाइम दोन-तीन आठवड्यांचा, शेवटच्या चुका दोन्ही बाजूंना पडतायत, आणि वाढ चालू राहण्याचं बाहेरचं ठोस कारण आहे, म्हणजे पुढच्या महिन्यात अमुक इतक्या नव्या दुकानांत माल जाणार हे आधीच ठरलंय, अशा प्रकारचं. तिसरं कारण नसताना नुसत्या डेटावर विश्वास ठेवून सहा आठवडे सरळ रेषा ओढणं मला पटत नाही, कारण नवीन प्रॉडक्टची वाढ कधी ना कधी वाकतेच, पहिल्यांदा घेऊन बघणारे संपत आले की पुढची विक्री परत परत घेणाऱ्यांवर येते. चार्ल्स होल्ट यांनी ही पद्धत १९५७ मध्ये मांडली आणि एव्हरेट गार्डनर व एड मॅकेन्झी यांनी १९८५ मध्ये तिला डॅम्पिंग जोडलं ते याच कारणाने, सरळ ट्रेंड लांबच्या फोरकास्टमध्ये सवयीने जास्त सांगतो हे तोपर्यंत वारंवार दिसलं होतं. नंतर २००० साली ३,००३ मालिकांवर फोरकास्टच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या एम-थ्री स्पर्धेचे निकाल आले त्यातही डॅम्प्ड ट्रेंड सरळ होल्टपेक्षा सरस ठरला. अर्थात त्या मालिका तुमच्या प्रॉडक्टच्या नव्हत्या, त्यामुळे याला पुरावा न म्हणता सुरुवात कुठून करावी याचा कौल म्हणा.

आणि डॅम्प्डलाही न जमणारी एक गोष्ट आहे, विक्री शिखर गाठून खाली येणार असेल तर ते त्याला आधी कळत नाही. त्याचं छत हे छतच असतं, उतार त्यात नाही. फॅशनचं, एका मोसमाचं किंवा एकदाच घ्यायचं प्रॉडक्ट असेल तर ट्रेंडवाली कुठलीच पद्धत नको, तिथे जुन्या तशाच प्रॉडक्टचा पूर्ण चढउताराचा आकार घेऊन नवीन आकड्यांना बसवणं जास्त शहाणपणाचं. चार-पाचच आठवडे हातात असतील तरीही तेच करा.

ऑर्डर ठरवताना दोन्ही बाजूंची किंमतही मोजायला हवी. उरलेला नग पुढच्या महिन्यात विकला जाणार असेल तर जास्त मागवण्याची शिक्षा फक्त अडकलेला पैसा आणि जागा, तेव्हा ६९८ च्या वर थोडं गेलं तरी चालतं. माल लवकर खराब होणारा किंवा पुढचं मॉडेल येणार असेल तर उरलेला नग पूर्ण तोट्याचा, मग ६९८ सुद्धा जरा जपून. सेफ्टी स्टॉक काढताना एक आठवड्याच्या चुकीला ६ च्या वर्गमुळाने गुणायचा जो नेहमीचा फॉर्म्युला आहे तो इथे कमी पडतो, कारण तो प्रत्येक आठवड्याची चूक स्वतंत्र समजतो, आणि ट्रेंड चुकला असेल तर सहाही आठवडे एकाच बाजूला चुकतात. त्याऐवजी डॅम्प्ड आणि होल्टच्या बेरजेतलं अंतर, इथे १२६ नग, हेच अनिश्चिततेचं माप म्हणून समोर ठेवा आणि त्यातलं किती उचलायचं ते वरच्या किमतीवरून ठरवा, मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

मी या डेटावर, स्टॉकआउट नव्हता हे तपासून, ६९८ वरून ऑर्डर काढेन (हातातला आणि वाटेतला माल वजा करून), आणि सप्लायर तयार असेल तर उरलेल्या १२६ पैकी काही भाग दोन आठवड्यांनी पक्का करायची मुभा मागून ठेवेन. नववा आठवडा ११५ च्या आसपास आला तर होल्टच्या बाजूने एक मत पडलं, १०५ च्या आसपास आला तर डॅम्प्डच्या, आणि ९५ च्या खाली आला तर आधी स्टॉकचा रिपोर्ट उघडायचा. एका आठवड्यावर पद्धत बदलायची गरज नाही, डॅम्प्ड स्वतःच हलतो, नववा आठवडा ११४ आला असं समजा तर त्याची पुढच्या सहा आठवड्यांची बेरीज ७५१ होते. दहाव्या आठवड्यालाही चूक त्याच बाजूला आणि तेवढीच मोठी आली तर मग फाय ०.९५ करून बेरीज परत काढायची आणि राखून ठेवलेल्या १२६ मधले किती घ्यायचे ते तेव्हा सांगायचं.